वेदनेचा हिशेब आणि मॉर्फिनची नोंदवही

(इटियाडोह येथे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आम्ही दरवर्षी आपल्यासमोर जमा-खर्च ठेवतो. इमारत, यंत्रसामग्री, औषधे, वेतन अशा शीर्षकांखाली आपल्या देणगीचा विनियोग कसा झाला हे आपण वाचता. आज त्या शीर्षकांतील एकाच लहानशा नोंदीविषयी बोलण्याची अनुमती घेत आहोत. ती नोंद आहे मॉर्फिनच्या गोळ्यांची. रकमेने ती नगण्य आहे, कारण ही गोळी स्वस्त आहे. परंतु आमच्या औषधभांडारात जेवढ्या काळजीने ही वही लिहिली जाते, तेवढ्या काळजीने दुसरी कोणतीही लिहिली जात नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, वैद्य नव्हे. म्हणून वैद्यकीय बाजू आमच्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी समजावून दिली तशीच सांगू, आणि वहीची बाजू मात्र स्वतःच्या अधिकाराने सांगू. या वहीतून असाध्य आजाराच्या रुग्णाची सेवा जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती अन्य कोठे दिसत नाही, असा आमचा अनुभव आहे.

इटियाडोहच्या कालव्याखालील धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे. येथे खर्रा बालपणीच हाती येतो आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे सातत्याने येतात. त्यांपैकी अनेक जण गाठ फुटल्यावर, जबडा आवळल्यावर, मानेत गाठी वाढल्यावर येतात. नागपूरला जाऊन शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार यथाशक्ती होतात. त्यांतून काही बरे होतात. काहींचा आजार मात्र पुन्हा उसळतो आणि मोठ्या रुग्णालयातून कागदावर लिहून मिळते की आता घरी न्यावे, लक्षणांनुसार उपचार करावेत. गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या गाडीने तो माणूस अर्जुनी किंवा वडसा स्थानकावर उतरतो आणि गावी येतो. पुढे काय करावे, हे त्या कागदावर क्वचितच लिहिलेले असते. तेथून पुढच्या काही आठवड्यांची किंवा महिन्यांची जी सेवा, तिला परिहार सेवा म्हणतात. रोग हटत नसला तरी रोगाने होणारे क्लेश हटविण्याचे काम ती करते, आणि त्या क्लेशांत पहिला क्रमांक वेदनेचा आहे.

हे काम आपल्या देशात नवे नाही. मुंबईच्या वांद्रे येथे शांती आवेदना आश्रम 1986 साली सुरू झाला आणि तो देशातील पहिला हॉस्पिस मानला जातो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. केरळात कालिकत येथे 1993 पासून डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सेवा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर काढून घरोघरी नेली. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र 1997 पासून कार्यरत आहे. या सर्वांचा सारांश एकच आहे की, मध्यम ते तीव्र वेदनेस तोंडाने घ्यावयाची मॉर्फिनची गोळी हे मुख्य औषध आहे आणि ती घरी, घरच्या माणसांच्या हातून देता येते.

मग ती गावोगाव का मिळत नाही? याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. मॉर्फिन अफूपासून बनते. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यातील कठोर शिक्षांच्या धाकाने दवाखाने व औषधविक्रेते यांनी मॉर्फिनकडे पाठ फिरविली. वस्तुतः त्या कायद्याच्या आठव्या कलमातच वैद्यकीय उपयोगास वाव ठेवलेला आहे. पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे असत आणि बाळगणे, नेणे, आणणे यांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा मिळाला नाही की साठा रिकामा होई. 2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन आदी औषधांना अत्यावश्यक अमली औषधे असा दर्जा मिळाला, आणि 2015 च्या नियमांनी सर्व राज्यांत एकच पद्धत आणली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला ही औषधे ठेवता येतात. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर तेथे असावा लागतो, आणि आलेल्या व दिलेल्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीला बरेच जण जाचक समजतात. आम्ही मात्र तिला रुग्णाची मैत्रीण समजतो. असे का म्हणतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

हे उदाहरण कोणा एका रुग्णाचे नाही. अनेकांच्या अनुभवांतून ओळख पुसून ते बांधलेले आहे, मात्र त्यातील औषधांचे आकडे प्रत्यक्ष वापरातले आहेत. अठ्ठावन्न वर्षांचा एक धान-शेतकरी. गालाच्या आतील बाजूस कर्करोग. शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले, आठ महिन्यांनी गाठ परत आली आणि गालास छिद्र पडले. वजन पंचेचाळीस किलो. पोटासाठी नाकातून नळी घातलेली. मूत्रपिंडाचे काम तपासणीत ठीक. घरी धाकटा मुलगा, सून आणि वृद्ध पत्नी. परिचारिकेने विचारले, शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत मोठी वेदना, तर आपली किती? त्याने बोटांनी आठ दाखविले. तो दिवसाला पॅरासिटामॉल व ट्रामाडॉलच्या गोळ्या घेत होता. पहिली पायरी आणि दुसरी पायरी दोन्ही झालेल्या होत्या. पण औषध तो दुखेल तेव्हाच घेत असे, आणि रात्र जागून काढत असे.

इथे दुखेल तेव्हा या दोन शब्दांपाशी थांबणे आवश्यक आहे. वेदना परत चढेपर्यंत वाट पाहून घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात वेदना आणखी वर गेलेली असते. म्हणून मॉर्फिन घड्याळ पाहून द्यावे लागते. त्याचा परिणाम सुमारे चार तास राहतो, यास्तव दर चार तासांनी एक मात्रा. आमच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल थांबवून, दहा मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे पाच मिलिग्रॅम, अशी सुरुवात केली. वेळा ठरल्या सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे पूर्ण गोळी, जेणेकरून पहाटे दोनला उठवावे लागू नये. पॅरासिटामॉल चालूच ठेवले. दिवसाची बेरीज झाली तीस मिलिग्रॅम, म्हणजे तीन गोळ्या. शिवाय मधल्या वेळेत वेदना उसळल्यास अर्धी गोळी जादा घ्यावी आणि कागदावर वेळ टिपावी, असे सांगितले. या जादा मात्रेचा संकेत साधा आहे. ती दिवसभरातील एकूण मात्रेच्या सुमारे सहाव्या भागाइतकी असते.

मुलाला तीन दिवसांच्या पंधरा गोळ्या दिल्या, त्यांपैकी नऊ ठरलेल्या वेळांच्या व सहा राखीव. दोन दिवसांनी परिचारिका घरी गेली. डबीत पाच गोळ्या शिल्लक होत्या. म्हणजे दहा वापरल्या. सहा ठरलेल्या, उरलेल्या चार म्हणजे आठ अर्ध्या गोळ्या जादा, दररोज चार. मुलाच्या कागदावरही तेवढ्याच वेळा होत्या. हिशेब जुळला आणि त्याच हिशेबातून वेदनेचे मोजमाप झाले. रुग्णाला तीस मिलिग्रॅम पुरत नव्हते, पन्नास लागत होते. डॉक्टरांनी मात्रा दहा मिलिग्रॅम केली. चार वेळा एकेक गोळी व रात्री दोन, म्हणजे साठ मिलिग्रॅम. ही वाढ रुग्ण खरोखर घेत असलेल्या मात्रेवरून ठरविलेली आहे, अंदाजाने नव्हे. पुढील आठवड्यासाठी बेचाळीस गोळ्या ठरलेल्या वेळांच्या व आठ राखीव अशा पन्नास गोळ्या दिल्या. आठवड्याने सहा शिल्लक होत्या, म्हणजे जादाच्या मात्रा दोनच लागल्या. वेदनेचा आकडा आठवरून तीनवर आला होता. सून म्हणाली, मामंजी सलग पाच तास झोपले.

आता हा हिशेब चुकला असता तर काय अर्थ निघाला असता? वहीत गोळ्या कमी पडल्या की बाहेरच्या माणसाच्या मनात पहिली शंका चोरीची येते. तशी शंका घेणे प्रशासनाचे कर्तव्यच आहे आणि चौकशी आम्ही करतो. बहुधा त्यामागे वेदना वाढलेली असते किंवा गोळी ओकारीवाटे बाहेर पडलेली असते. परंतु आम्हाला अधिक चिंता वाटते ती गोळ्या जास्त उरल्या तर. पन्नास दिल्या, आठवड्याने तीस शिल्लक आहेत आणि वेदना आठच आहे, तर जाणावे की घरात भीती शिरली आहे. कोणीतरी सांगितलेले असते की हे अफूचे औषध आहे, सवय लागेल. मग घरची माणसे सहाची गोळी दहाला देतात, दहाची दोनला. रुग्ण कण्हत असतो आणि डबी भरलेली असते. म्हणून आमची परिचारिका डबी मोजते ती घरच्यांना पकडण्यासाठी नव्हे, त्यांच्या मनातले ओळखण्यासाठी.

या भीतीचे चार प्रकार आम्हाला वारंवार भेटतात. प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे.

पहिली भीती व्यसनाची. व्यसन म्हणजे वेदना नसताना मनाच्या ओढीने, हानी कळत असूनही पदार्थ घेत राहणे. वेदनेच्या रुग्णाची गोष्ट वेगळी असते. वेदनेवर किरणोपचारासारख्या अन्य उपायाने आराम पडला तर हळूहळू मात्रा कमी करता येते आणि बहुतेक रुग्णांना त्याचे दुःख नसते. शरीर मात्र औषधाला सरावते हे खरे. म्हणून औषध एकदम बंद केल्यास घाम, अतिसार, अस्वस्थता, अंगदुखी असा त्रास होतो. ते व्यसनाचे लक्षण नसून शरीराचा धर्म आहे, आणि त्यावर उपाय एकच की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एकाएकी थांबवू नये. पूर्वी दारू वा अन्य व्यसन असलेल्या रुग्णालाही वेदना होते आणि त्यालाही औषध मिळते. त्याच्या बाबतीत गोळ्या कमी दिवसांच्या देऊन जवळून लक्ष ठेवले जाते, इतकेच.

दुसरी भीती अशी की मॉर्फिनने आयुष्य घटते, श्वास थांबतो. श्वास मंदावण्याचा धोका निराधार नाही, पण तो योग्य मात्रेने व हळूहळू वाढविलेल्या औषधाने क्वचितच उद्भवतो, कारण वेदना स्वतःच श्वासाला जागे ठेवते. मात्रा जास्त झाली तर आधी गुंगी वाढते, माणूस बोलता-बोलता झोपी जातो, मग श्वास मंदावतो. म्हणजे इशारा आधी मिळतो. घरच्या माणसांना आम्ही हे शिकवितो की गोळीची वेळ झाली आणि रुग्णाला हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नसेल, तर ती मात्रा देऊ नये, एक मिनिट घड्याळ धरून श्वास मोजावेत आणि आम्हाला दूरध्वनी करावा. श्वास मिनिटाला आठच्या आसपास किंवा त्याहून कमी झाले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील, तर क्षणभरही विलंब करू नये. अंगाला अचानक झटके येणे, नसलेली माणसे दिसू लागणे, हीदेखील औषध साचल्याची खूण असते. रुग्णाला जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी पडले, लघवी घटली किंवा मूत्रपिंड थकले की मॉर्फिन शरीरात साचते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर मात्रा घटवितात, वेळेतील अंतर वाढवितात किंवा दुसरे औषध निवडतात. झोपेच्या गोळ्या आणि मोहाची दारू यांची सोबत मात्र मॉर्फिनला कधीही नको.

तिसरी भीती अधिक सूक्ष्म आहे. आताच एवढे प्रबळ औषध दिले तर उद्या वेदना वाढल्यावर काय देणार, असे आप्त विचारतात. याचे उत्तर असे की मॉर्फिनला पॅरासिटामॉलसारखी ठरावीक कमाल मात्रा नाही. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर, आणि दुर्बल माणसाला त्याहूनही कमीच्या वर, यकृतास घातक ठरते. मॉर्फिन मात्र वेदना जशी वाढेल तसे, दुष्परिणाम पाहत, पायरीपायरीने वाढविता येते. आज वाचवून ठेवलेली गोळी उद्याच्या वेदनेला उपयोगी पडत नाही. उलट सोसलेल्या वेदनेने माणूस झोप, भूक आणि आशा गमावून बसतो. मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. मज्जातंतू दाबला गेल्याने होणारी जळजळती, विजेच्या झटक्यासारखी वेदना मॉर्फिनला पुरती दाद देत नाही. तेथे अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन यांसारखी निराळी औषधे जोडावी लागतात. हाडात शिरलेल्या आजारासाठी किरणोपचाराची एखादी मात्राही मोठा आराम देते.

चौथी भीती पोलिसांची. घरात अमली औषध ठेवले तर गुन्हा होईल, असे लोक म्हणतात. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावरून मान्यताप्राप्त संस्थेने रुग्णाच्या नावे दिलेले औषध रुग्णासाठी घरी ठेवणे गुन्हा नाही. सल्ल्याचा कागद व आमचे कार्ड औषधाबरोबर ठेवावे. डबी कुलूपबंद पेटीत, मुलांच्या हातापासून दूर असावी. ती शेजाऱ्याला, अगदी त्यालाही कर्करोग असला तरी, देऊ नये.

यापुढे घरातील प्रत्यक्ष सेवेचे थोडे सांगतो, कारण कुटुंबीयांची सर्वांत मोठी अडचण मॉर्फिनच्या भीतीहूनही कित्येकदा त्याच्या एका साध्या दुष्परिणामातून येते. तो म्हणजे बद्धकोष्ठता. मळमळ सुरुवातीला येते, ती आठवडाभरात ओसरते, आणि तोवर तिच्यावर औषध देता येते. गुंगी पहिले दोन-तीन दिवस राहते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू आहे तोवर राहते आणि तिचा सराव होत नाही. यास्तव पहिल्या गोळीबरोबरच रात्री रेचक सुरू करावे. आमचे डॉक्टर बहुधा बिसाकोडिलच्या दोन गोळ्या लिहितात. आपल्याकडे इसबगोलावर भरवसा असतो, पण अशा रुग्णास तो उपयोगी नाही. भरपूर पाणी न मिळाल्यास इसबगोल आतच घट्ट बसतो आणि अडथळा वाढवितो. तीन दिवस शौचास झाले नाही तर कळवावे, कारण त्यातून येणारी पोटदुखी आणखी मॉर्फिनने बरी होत नाही, उलट वाढते. लघवी अडकणे हाही एक त्रास होऊ शकतो. खालच्या पोटात फुगवटा व कळ असेल आणि बारा तासांत लघवी झाली नसेल, तर परिचारिकेस बोलवावे.

आपल्या उदाहरणातील रुग्णाच्या नाकात नळी होती. दहा मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून देता येते आणि त्यानंतर थोडे पाणी घालून नळी धुवावी. परंतु मॉर्फिनची दुसरी एक गोळी असते, जी बारा तास हळूहळू विरघळते. ती कधीही कुटू नये, फोडू नये, चावू नये. तसे केल्यास बारा तासांचे औषध एकाच वेळी रक्तात उतरते. दोन्ही गोळ्यांची पाकिटे दिसायला वेगळी असली तरी घाईत चूक होऊ शकते. म्हणून आमच्या औषधभांडारातून त्या दोहोंवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावूनच दिल्या जातात.

गालाच्या जखमेचा वास हे घरातील मोठे दुःख असते. त्यामुळे नातेवाईक जवळ येत नाहीत आणि रुग्ण तोंड फिरवून बसतो. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून धुतलेल्या जखमेवर भुरभुरल्यास वास बराच कमी होतो. जखम रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी. घरात काळ्या किंवा गडद लाल रंगाचे एक मोठे फडके हाताशी ठेवावे. रक्तस्राव झाल्यास ते दाबून धरता येते, आणि गडद कापडावर रक्ताचा डाग तितका भयावह दिसत नाही, त्यामुळे रुग्ण व घरची मुले घाबरत नाहीत. ही युक्ती सांगून ठेवली म्हणजे प्रसंग आला तर हात थरथरत नाहीत.

अखेरच्या दिवसांत रुग्ण खाणे-पिणे सोडतो. त्यावेळी नळीतून बळेबळे दूध घालण्याचा आग्रह होतो. शरीर स्वीकारत नसताना घातलेले अन्न छातीत उतरते व धाप वाढते. ओठ ओले ठेवावेत, तुळशीचे पाणी द्यावयाचे तर जिभेला थेंबभरच लावावे. घशात घरघर सुरू झाली की कुशीवर वळवावे. गिळता येत नाही म्हणून मॉर्फिन एकदम बंद करू नये, कारण वेदना तेव्हाही असते आणि बोलता येत नसल्याने ती कपाळाच्या आठ्यांतून, कण्हण्यातून दिसते. अशा वेळी परिचारिका त्वचेखाली सुई देते. मृत्यूच्या आधी श्वास आपोआप थांबत-चालत राहतो, तो औषधाचा दोष नाही. हे आधी सांगून ठेवले तर शेवटची मात्रा ज्याच्या हातून दिली गेली त्या मुलाला आयुष्यभर बोचणी राहत नाही.

रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या आम्हाला परत करण्याची विनंती आम्ही करतो. त्या दुसऱ्या रुग्णास दिल्या जात नाहीत. मोजून, दोन सह्या घेऊन, त्यांचा नियमानुसार नाश होतो आणि वहीत शेवटची ओळ लिहिली जाते. त्या दिवशी मुलगा किंवा सून डबी घेऊन येते, थोडा वेळ बसते, रात्र कशी गेली ते सांगते. आमच्या वहीत शिल्लक शून्य होते. आमच्या व्यवसायातील जमाखर्चात शून्य शिल्लक ही सहसा चिंतेची बाब असते, येथे ती समाधानाची.

देणगीदारांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, गोळीचा खर्च अल्प आहे. खर्च आहे परिचारिकेच्या वाहनाचा, तिच्या प्रशिक्षणाचा आणि रात्री दूरध्वनी उचलणाऱ्या माणसाचा. या तीन गोष्टी नसतील तर मान्यता असूनही गोळ्या कपाटातच राहतात. कुटुंबीयांना विनंती अशी की, मोठ्या रुग्णालयातून घरी न्यावे असा कागद मिळाला की त्याच आठवड्यात तो आमच्या परिचारिकेस दाखवावा. वेदना असह्य होईपर्यंत वाट पाहू नये. वेदना आठवर पोचण्याआधी, तीनवर असतानाच, सुरुवात करणे सोपे असते, मात्राही कमी लागते.